चिमणीचा बॅफल फिल्टर खाचेत अडकून बसलाय, निघतच नाही : काय करायचं

खटका दाबला, फिल्टर हलला नाही. जोर लावला, चिमणीचा पत्रा करकरला, फिल्टर तिथेच. मग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर फटीत घालतं आणि त्यानंतर फिल्टर निघतो खरा, पण परत नीट बसत नाही. अशी तक्रार घरोघरी ऐकायला मिळते, आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी त्याच घरातून पुन्हा येते. म्हणून इथे दोन गोष्टी सविस्तर लिहितो आहे. अडकलेला फिल्टर काही न वाकवता कसा काढायचा, आणि तो पुन्हा पुन्हा तसाच का अडकतो.

हे सगळं ओट्यावर आडवा फिल्टर असणाऱ्या नेहमीच्या चिमणीबद्दल आहे. खालून पाहिलं की स्टीलच्या उभ्या पन्हाळ्यांसारख्या पट्ट्या दिसतात आणि शेजारी शेजारी दोन फिल्टर असतात, ती. तिरप्या काचेच्या चिमणीत फिल्टर कधी काचेच्या पॅनेलमागे असतो आणि खालच्या कडेवर टेकलेला असतो. तिथे तो आधी थोडा वर उचलून मग खालची बाजू आपल्याकडे घ्यावी लागते. बाकी चिकटण्याचं कारण आणि सोडवण्याची पद्धत तीच.

फिल्टर नेमका कशावर टेकलेला असतो

हे आधी समजून घेतलं तर निम्मं काम होतं. फिल्टरच्या एका कडेला पत्र्याच्या दोन जिभा बाहेर आलेल्या असतात. त्या चिमणीच्या पत्र्यातल्या खाचांमध्ये शिरतात. समोरच्या कडेला स्प्रिंगचा खटका असतो, त्याची जीभ चिमणीच्या काठावर चढून बसते. म्हणजे फिल्टर एका बाजूने खाचेत अडकवलेला आणि दुसऱ्या बाजूने खटक्याने धरलेला असतो. काढताना क्रम उलटा. खटका मागे घ्यायचा, ती कड दोन बोटं खाली आणायची आणि मग पूर्ण फिल्टर खटक्याच्या दिशेने ओढायचा, म्हणजे पलीकडच्या जिभा खाचेतून सरकून बाहेर येतात.

बहुतेक लोक इथे एक पायरी गाळतात. खटका सुटला की फिल्टर सरळ खाली ओढतात. जिभा अजून खाचेत असतात, त्यामुळे सगळा जोर त्यांच्यावर येतो आणि त्या वाकतात. एकदा वाकलेली जीभ पुढच्या वेळी जास्त घट्ट बसते.

हा चिकटा एवढा घट्ट का होतो

कढईतून उडणारे तेलाचे बारीक कण फिल्टरवर बसतात. ताजं तेल निथळून खालच्या वाटीत जायला हवं, आणि पट्ट्यांवरचं बरंचसं जातंही. फिल्टरची चौकट आणि चिमणीचा काठ यांच्या मधल्या फटीत गेलेलं तेल मात्र कुठेच निथळत नाही. ते तिथेच राहतं, हवा लागते, रोजची उष्णता लागते, आणि हळूहळू ते घट्ट होत जातं. तव्याच्या बाहेरच्या कडेला काळसर, नखाने न निघणारं किटण चढतं, तेच हे.

कोणतं तेल वापरता यावर बराच फरक पडतो. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं हवेत लवकर सुकून चिवट होतात. करडईचं तेल तर रंग आणि वॉर्निश बनवायलाही वापरतात, ते याच गुणामुळे. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने सावकाश घट्ट होतं. खोबरेल सर्वांत कमी. कोकणात, गोव्यात ज्या घरी फोडणीपासून तळणापर्यंत खोबरेल असतं तिथे थंडीच्या सकाळी फिल्टर गोठून बसल्यासारखा वाटतो, पण थोडी ऊब मिळाली की लगेच सुटतो, कारण ते तेल फक्त गोठलेलं असतं, सुकलेलं नसतं. करडईच्या घरात तसं होत नाही. तिथे उष्णतेबरोबर साबण आणि वेळ, दोन्ही द्यावे लागतात.

हात लावण्याआधी

चिमणीचं बटण बंद करा आणि प्लगही काढा. पंख्याच्या फिरत्या पात्यापासून फिल्टरच आपल्याला वेगळं ठेवतो, त्यामुळे तो निघताना वीज असायलाच नको.

खालची तेलाची वाटी किंवा ट्रे आधी काढून घ्या. भरलेली वाटी तशीच ठेवून फिल्टर हलवला तर जुनं तेल ओट्यावर आणि मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. शेगडीवरचे स्टँड उचलून बाजूला ठेवा. काचेची शेगडी असेल तर तिच्यावर जाड सतरंजीची घडी किंवा पोळपाट ठेवा. अडकलेला फिल्टर सुटतो तेव्हा एकदम सुटतो, आणि त्याचा कोपरा काचेवर पडला तर काच जाते. एक हात कायम फिल्टरच्या खाली, तळव्याने आधार देत ठेवायचा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून रबरी हातमोजे घाला. ओट्यावर चढून काम करू नका, तेलकट ओट्यावरून पाय घसरतो. बुटकं, पक्कं स्टूल बरं.

आधी ओळखा, कुठे अडकलंय

तीनच जागा असतात. खटका, चौकटीची कड आणि पलीकडच्या जिभा. कुठे अडकलंय ते कळलं नाही तर आपण चुकीच्या ठिकाणी जोर लावत राहतो.

खटका बोटाने दाबा आणि सोडा. तो दाबलाच जात नसेल, किंवा दाबला जाऊन परत येत नसेल, तर अडचण खटक्यात आहे. स्प्रिंगच्या घरात किटण भरलंय.

खटका टिक टिक करत नीट मागे-पुढे होतो, पण कड तसूभरही खाली येत नाही, तर चौकट कडेने चिकटली आहे. बोटाच्या पेराने चौकटीवर ठिकठिकाणी हलकं टकटक करून पाहा. मोकळ्या जागी पत्रा किंचित थरथरतो, चिकटलेल्या जागी मुका आवाज येतो. बऱ्याचदा पूर्ण कड चिकटलेली नसते, एखादाच कोपरा असतो.

कड खाली येते, दोन-चार बोटं लोंबते, पण ओढला तर फिल्टर पुढे येत नाही, तर जिभा अडकल्या आहेत. इथे थांबा. या अवस्थेत खाली ओढणं म्हणजे जिभा वाकवणं.

दोन फिल्टर शेजारी असतील तर आणखी एक तपासा. काही चिमण्यांमध्ये एका फिल्टरची कड दुसऱ्याच्या कडेवर किंचित चढलेली असते. खालून बघताना ज्याची कड तुमच्या बाजूला, म्हणजे खाली दिसते, तो आधी काढायचा. वरचा ओढत बसलात तर तो निघणार नाही, आणि तो चिकटलाय असं वाटेल.

उष्णता द्या, पण ज्योत नको

घट्ट झालेला चिकटा ऊब मिळाली की मऊ होतो. ही ऊब देण्याची माझ्या मते सर्वांत चांगली पद्धत म्हणजे वाफ. शेगडीवर घडी किंवा पोळपाट ठेवला असेल तर तो आधी काढा आणि स्टँड परत लावा. पसरट मोठ्या पातेल्यात तीन-चार लिटर पाणी घ्या, अडकलेल्या फिल्टरच्या बरोबर खालच्या शेगडीवर ठेवा आणि उकळू द्या. उकळी आली की आच मध्यम करा आणि पंधरा-वीस मिनिटं वाफ फिल्टरला लागू द्या. चिमणी बंदच, खिडकी उघडी. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येता कामा नये, आणि या वेळात स्वयंपाकघर सोडून जाऊ नका. नंतर गॅस बंद करा, पातेलं उचलून बाजूला ठेवा, काचेची शेगडी असेल तर पोळपाट परत ठेवा, आणि मगच हात वर न्या. उकळत्या पाण्यावर हात धरून काम करायचं नाही.

चिमणीला खालून पाणी सुटलेलं दिसेल. बटणांच्या पट्टीवर आणि दिव्याजवळ आलेले थेंब कोरड्या फडक्याने टिपून घ्या. प्लग काढलेला आहे म्हणून भीती नाही, पण परत लावण्याआधी हा भाग पूर्ण कोरडा हवा.

वाफेनंतर साधारण पाच-सात मिनिटंच हातात असतात. पत्रा पातळ असतो, लवकर निवतो आणि चिकटा परत धरतो. म्हणून लागणाऱ्या वस्तू आधीच काढून ठेवा. भांड्याच्या साबणाचं गरम पाणी, जुनं फडकं, एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड, आणि मासेमारीच्या तंगुसाचा हातभर तुकडा.

केस वाळवायचा ड्रायर घरी असेल तर खटक्यासाठी तो वाफेपेक्षा सोयीचा. वीतभर अंतरावरून तीन-चार मिनिटं एकाच जागी गरम हवा द्यायची. वाफ घेतल्यानंतर लगेच मात्र तो वापरू नका. ओल्या पत्र्याजवळ, पाणी टपकत असताना हातात विजेचं यंत्र नको.

काही जण फिल्टरखाली नुसती शेगडी पेटवून ठेवतात, मेणबत्ती किंवा लायटर कडेला धरतात. हे कधीच करू नका. फिल्टरच्या आत आणि त्याच्या वरच्या नळीत साठलेलं तेल पेट घेऊ शकतं, आणि नळीत लागलेली आग वर ओढली जाते. रॉकेल किंवा पेट्रोल फटीत सोडणं, गंज काढायचा स्प्रे मारणं, हेही नको. असे स्प्रे सहसा जळणारे असतात, रॉकेल फटीतून झिरपून मोटरपर्यंत जातं, आणि ते सगळं शेगडीच्या डोक्यावर.

खटका अडकला असेल तर

साबणाच्या गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून, खटक्यावर दाबून धरा. दहा मिनिटं, मधे एकदा गरम पाण्यात परत बुडवून. मग खटका अगदी थोडा थोडा मागे-पुढे करा. पूर्ण दाबायचा प्रयत्न नको, केसाइतका हलला तरी पुरे. दर खेपेला हालचाल वाढते आणि स्प्रिंगच्या घरातून काळपट पाणी येऊ लागतं. ते आलं की समजा सुटतंय. जुन्या टूथब्रशने तो भाग घासून घ्या.

काही खटक्यांची मूठ प्लास्टिकची असते आणि ती जोराने तुटते. मूठ तुटली पण आतली धातूची जीभ अजून काठावर चढलेली आहे, असं झालं तर शाळेतली पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या. फिल्टर आणि चिमणीचा काठ यांच्या फटीत ती खटक्याच्या जागी सरळ वर घाला आणि जीभ फिल्टरच्या दिशेने आत ढकला. दुसऱ्या हाताचा तळवा फिल्टरखाली. जीभ आत गेली की कड खाली येते. नवा खटका मिळतो का ते त्या कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा, अनेकदा फक्त खटका वेगळा मिळत नाही आणि पूर्ण फिल्टर घ्यावा लागतो.

कड चिकटली असेल तर तंगूस

इथे लोक सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालतात. त्याने चिमणीच्या काठाचा रंग उडतो, तिथे पुढे गंज धरतो, आणि मुख्य म्हणजे चौकट एका बिंदूवर वाकते. वाकलेली चौकट खाचेत तिरकी बसते आणि पुढच्या वेळी दुप्पट त्रास देते.

तंगूस बारीक असतो, चिवट असतो आणि पत्र्याला काही करत नाही. हातभर तुकडा घ्या, दोन टोकं दोन पेन्सिलींना बांधा म्हणजे बोटं कापणार नाहीत. वाफ देऊन झाल्यावर, खटक्याच्या बाजूच्या एका कोपऱ्यातून तो फटीत घाला. घुसत नसेल तर आधी प्लास्टिकच्या कार्डाचा कोपरा घालून फट मोकळी करा. मग करवतीसारखा डावीकडे-उजवीकडे ओढत कडेकडेने पुढे सरकवा. मऊ झालेला चिकटा कापला जातो आणि तंगुसावर काळा गोळा जमतो. तो पुसत राहा. आधी खटक्याची कड, मग दोन्ही बाजू. पलीकडच्या, जिभांच्या कडेला तंगूस नेऊ नका, तो जिभांमध्ये गुंततो.

कड सुटली हे हाताला कळतं. खालून तळव्याने फिल्टर वर ढकलला की तो किंचित उचलला जातो आणि सोडला की परत बसतो. अशी हालचाल आली की खटका मागे घ्या, कड खाली येईल. आलीच नाही तर पुन्हा वाफ. दुसऱ्या फेरीत जोर वाढवायचा नाही, वेळ वाढवायचा. करडई-सोयाबीनच्या जुन्या थराला दोन-तीन फेऱ्या लागणं अगदी नेहमीचं आहे.

जिभा अडकल्या असतील तर

कड दोन बोटं खाली, फिल्टर जवळजवळ आडवाच. त्याला खाली लोंबू देऊ नका, दोन्ही हातांनी धरा. आता ओढण्याआधी तो डावीकडे-उजवीकडे हलवा. खाचेत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा असतेच, तेवढ्या हालचालीने जिभेभोवतीचा थर तुटतो. मग किंचित मागे, खाचेच्या दिशेने ढकला, परत बाजूला हलवा आणि मग आपल्याकडे घ्या. मागे-बाजूला-पुढे, असं चार-पाचदा. एकदम ओढण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

तरीही एकच बाजू येत असेल आणि दुसरी नाही, तर त्या बाजूची जीभ बहुधा आधीच वाकलेली आहे. ती बाजू जरा वर उचलून धरा, म्हणजे जीभ खाचेच्या वरच्या काठाला घासणार नाही, आणि मग ओढा.

सोलापूरचं एक स्वयंपाकघर

सोलापुरात एका घरी पोळी-भाजीचे डबे करून देतात. रोज दोन वेळा फोडण्या, आठवड्यातून एक-दोनदा तळण, तेल करडईचं. चिमणी साठ सेंटिमीटरची, दोन फिल्टर. उजवा नेहमी निघायचा, डावा दिवाळीचा फराळ झाल्यापासून निघालाच नव्हता. काकूंचं म्हणणं होतं, "अहो, मागच्या वेळी एका माणसाला बोलावलं होतं, त्याने जोर लावून काढला, तेव्हापासून जास्तच बिघडलंय."

आधी उजवा फिल्टर काढून बाजूला ठेवला, म्हणजे डाव्याची मधली बाजू दिसायला लागली आणि विजेरीने आत पाहता आलं. डावा खटका नीट दाबला जात होता आणि परतही येत होता. म्हणजे खटका बरा. कडेवर टकटक केली तर उजवीकडे पत्रा थरथरला, डाव्या कोपऱ्यात मुका आवाज. वाफ वीस मिनिटं दिली, मग तंगूस डाव्या बाजूने फिरवला. पहिल्या फेरीत अर्धी कड सुटली, कोपरा नाही. दुसऱ्यांदा वाफ आणि साबणाचं गरम फडकं कोपऱ्यावर दाबून. यावेळी तंगूस पूर्ण फिरला, खटका मागे घेतला आणि कड खाली आली.

पण ओढल्यावर उजवी बाजू पुढे आली, डावी जागच्या जागी. डावी बाजू थोडी उचलून, मागे ढकलून, हलवून पाहिलं तेव्हा ती सुटली. फिल्टर हातात आल्यावर कारण दिसलं. डावीकडची जीभ वरच्या दिशेला वाकलेली होती. आधीच्या माणसाने फिल्टर सरळ खाली ओढल्याची ती खूण. वाकलेली जीभ खाचेच्या छताला टेकून फिल्टर तिरका बसवत होती, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात फट वेगळी राहायची आणि तेल तिथेच साठायचं. चिकटणं हा परिणाम होता, मूळ दोष त्या जिभेत होता.

जीभ सरळ करायला दुसरा फिल्टर नमुना म्हणून समोर ठेवला. पकडीच्या जबड्यात फडकं घालून जीभ मुळाशी धरली आणि एकाच वेळी पूर्ण न वळवता तीन टप्प्यांत आणली. पातळ स्टीलचा पत्रा मागे-पुढे वळवत राहिला तर मोडतो, म्हणून एकाच दिशेने, जेवढं हवं तेवढंच. दोन्ही फिल्टर सपाट ओट्यावर पालथे ठेवून जिभा एका उंचीवर आल्या का ते पाहिलं. मग खाच साफ करून तो फिल्टर बसवला तेव्हा खटक्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा आला. आता तो एका हाताने निघतो.

पुन्हा का अडकतो : फिल्टर धुतला जातो, खाच नाही

फिल्टर निघाला की लोक तो धुवायला घेऊन जातात आणि चिमणीकडे पाठ फिरवतात. खाच तशीच राहते. स्वच्छ फिल्टर जुन्या किटणात परत दाबला की महिन्याभरात तो पुन्हा धरतो. मला विचाराल तर फिल्टर एखाद्या वेळी कमी घासला तरी चालेल, खाच राहायला नको.

पत्रा अजून कोमट असतानाच खाच साफ करा. प्लास्टिकच्या कार्डाला साबणाच्या पाण्यात भिजवलेलं पातळ फडकं गुंडाळा आणि काठाच्या आतल्या बाजूने ओढत न्या. जिभा शिरतात त्या दोन खाचा लहान असतात, तिथे उदबत्तीची काडी किंवा बांबूची सळी चालते. खटक्याची जीभ चढते तो काठही पुसा. पाणी वर मोटरकडे जाईल इतकं ओलं फडकं नको, पिळलेलं हवं. शेवटी कोरड्या फडक्याने.

फिल्टर धुण्याआधी त्याला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर स्टील. मोठ्या परातीत किंवा टबात कडकडीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, दहा लिटरला साधारण अर्धी वाटी, आणि थोडा भांड्याचा साबण. अर्धा तास बुडवून ठेवलं की बहुतेक थर सुटतो, मग नायलॉनचा ब्रश. चुंबक चिकटलं नाही तर ते वेगळ्या जातीचं स्टील किंवा ॲल्युमिनियम असू शकतं. वजनाला हलकं, रंगाला फिकट करडं असेल तर ॲल्युमिनियमच समजा आणि सोडा वापरू नका. सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं, खरखरीत होतं, आणि खरखरीत पृष्ठभाग तेल जास्त धरतो. त्याला फक्त गरम पाणी आणि भांड्याचा साबण. कॉस्टिक सोडा, ज्याला काही दुकानांत नळी साफ करायची पावडर म्हणून देतात, तो घरी कोणत्याच फिल्टरला लावू नका. डोळ्यात किंवा हातावर उडाला तर जखम होते, आणि ॲल्युमिनियमबरोबर त्यातून जळणारा वायू निघतो.

धुताना पट्ट्यांपेक्षा चौकटीची बाहेरची कड, जिभा आणि खटक्याचं घर यांवर जास्त वेळ द्या. चिकटतं ते तिथेच.

फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. चौकटीच्या दुमडीत पाणी राहतं, ते फटीत उतरतं आणि तेलाबरोबर मिसळून राप धरतं. उन्हात तासभर, किंवा उभा करून रात्रभर. खटक्याला शिलाई मशीनचं तेल घालायचा मोह होतो, पण ते पुढे धूळ आणि वाफ धरतं. खटका स्वच्छ आणि कोरडाच ठेवा.

बसवताना डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. दोन्ही सारखे दिसले तरी वर्षानुवर्षं एका जागी बसून चौकट त्या जागेची होते, अदलाबदल झाली की एखादा घट्ट जातो. काढतानाच खटक्याजवळ आतल्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने खूण करून ठेवा. पट्ट्यांची दिशाही तीच ठेवा. त्यांच्या टोकांशी तेल निथळायची भोकं असतात, ती तेलाच्या वाटीच्या बाजूला खाली यायला हवीत. उलटा बसवलेला फिल्टर तेल कडेला ढकलतो, आणि ते थेट आपल्या खाचेत जातं. तेलाची वाटी भरून वाहू लागली तरी हेच होतं. तळणानंतर ती रिकामी करायची सवय ठेवा.

रोजच्या साध्या फोडण्यांच्या घरात महिन्यातून एकदा फिल्टर काढणं पुरतं. डबे करणाऱ्या किंवा रोज तळण असणाऱ्या घरात दर पंधरा-वीस दिवसांनी. दिवाळीच्या फराळानंतर वाट न बघता त्याच आठवड्यात. मधल्या काळात आणखी एक सोपं करता येतं. आठवड्यातून एकदा खटका दाबून कड दोन बोटं खाली आणायची आणि परत बसवायची. थर कोवळा असताना तुटला की तो घट्ट होत नाही.

कधी थांबायचं

तीन फेऱ्या वाफ आणि तंगूस करूनही फिल्टर हलत नसेल, तर तो चिकटलेला नसून वाकलेला किंवा अडकलेला आहे. चिमणीचा काठ आत दबला असेल, जिभेचा रिव्हेट सुटून खाचेत आडवा बसला असेल, किंवा फिल्टर चुकीच्या मापाचा घातलेला असेल. इथे चिमणी भिंतीवरून उतरवून वरून बघावं लागतं, आणि ते काम सर्व्हिसवाल्यावर सोडा. त्याला "फिल्टर निघत नाही" एवढंच न सांगता "खटका चालतो, कड मोकळी आहे, डावी जीभ येत नाही" असं नेमकं सांगा. मग तो पक्कड आणि रिव्हेटचं सामान घेऊन येतो, नुसता साबण घेऊन नाही.

जीभ मोडली असेल तर फिल्टर तारेने बांधून वापरू नका. खाली शेगडी पेटलेली असताना तो पडू शकतो. नवा फिल्टर घेताना लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. लांबी जिभा धरून एकदा आणि जिभा सोडून एकदा. खटका मधे आहे की कडेला, जिभांमधलं अंतर किती, याचा फोटो काढून ठेवा आणि चिमणीचं मॉडेल आतल्या पट्टीवरून लिहून घ्या. बाहेरून सारखा दिसणारा पण दोन-तीन मिलिमीटर मोठा फिल्टर दुकानदार "बसेल, दाबून लावा" म्हणून देतो. तो घेऊ नका. कंपनीचा त्याच मॉडेलचा थोडा महाग पडला तरी चालेल, आणि बसवून पाहिल्यावर दोन बोटांनी खटका मागे घेऊन निघाला तरच ठेवा, नाहीतर बदलून घ्या.